आठ मिनिटं, वीस गुण आणि एक पोट

दारावर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर मोजक्या ओळी : ‘रुग्णाचे वय 52. दोन महिन्यांपासून पोटाच्या डाव्या बाजूला जड वाटते. पोटाची तपासणी करा आणि निष्कर्ष परीक्षकांना सांगा. वेळ 8 मिनिटे.’ एमबीबीएसचा विद्यार्थी बाहेर उभा राहून एक मिनिट हा कागद वाचतो, घंटा होते आणि तो दार लोटून आत जातो. आत खाटेवर रुग्ण असतो, बाजूच्या खुर्चीवर परीक्षक असतात आणि त्यांच्या हातात दुसरा एक कागद असतो. तो विद्यार्थ्याला दिसत नाही. विद्यार्थी कुठे उभा राहिला, हात आधी कुठे ठेवला, रुग्णाच्या तोंडाकडे पाहिलं की नाही, अशा प्रत्येक गोष्टीला त्या कागदावर एक ओळ असते आणि ओळीपुढे गुणांची चौकट.

या परीक्षापद्धतीला वैद्यकीय महाविद्यालयांत सगळे ‘ऑस्की’ म्हणतात. स्कॉटलंडमधल्या डंडी इथले रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती मांडली. त्याआधी, आणि आपल्याकडे बऱ्याच अंशी आजही, परीक्षेचा मुख्य भाग म्हणजे ‘लाँग केस’. विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो, तो त्याला एकट्याने तपासतो, मग परीक्षक येऊन प्रश्न विचारतात. यात दोन गोष्टी नशिबावर सोडलेल्या असतात : रुग्ण कोणता मिळेल आणि परीक्षक कोण येतील. तिसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. प्रत्यक्ष तपासताना विद्यार्थ्याचे हात बहुधा कोणी पाहिलेलेच नसतात. यकृत दोन बोटं वाढलंय असं त्याने सांगितलं, तर ते त्याच्या हाताला लागलं, की शेजारच्या खाटेवरच्या मित्राकडून कळलं, हे परीक्षकांना कळायला मार्ग नाही. हार्डन यांनी परीक्षा छोट्या-छोट्या स्टेशनांत वाटली. प्रत्येक स्टेशनवर सगळ्यांना तेच काम, तेवढाच वेळ आणि तीच गुणपत्रिका दिली. 2019 पासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमानंतर महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतही ऑस्कीचा वापर वाढला.

पोटाच्या स्टेशनवर रुग्ण कोण असावा, हा पहिला प्रश्न. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी 1960च्या दशकात निरोगी माणसांना शिकवून त्यांच्याकडून रुग्णाची भूमिका करून घ्यायला सुरुवात केली. आज जगभर ही पद्धत रुळली आहे. असा ‘शिकवलेला रुग्ण’ पोटात दुखत असल्याचं हुबेहूब दाखवू शकतो, दाबल्यावर कण्हू शकतो. पण वाढलेली पाणथरी त्याला दाखवता येत नाही. म्हणून स्टेशन रचणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं : फक्त पद्धत तपासायची असेल तर निरोगी माणूस चालतो, हाताला काही लागतं का, हे तपासायचं असेल तर खरा रुग्ण लागतो. दारावरच्या कागदावरचा 52 वर्षांचा शेतकरी दुसऱ्या प्रकारचा धरू. त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून बेंबीच्या जवळ पोहोचली आहे. असं होण्याची कारणं अनेक : जुना मलेरिया, यकृत निबर झाल्याने रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब, काही प्रकारचे रक्ताचे कर्करोग, विदर्भात सिकल सेलचा आजार. कारण ओळखणं हे या स्टेशनचं काम नाही. पाणथरी सापडते का, एवढंच पाहायचं आहे.

या स्टेशनसाठी 20 गुणांची वाटणी अशी करता येईल. हात स्वच्छ करणं, नाव सांगणं, परवानगी घेणं आणि ‘दुखतंय का, कुठे’ हे विचारणं याला 3 गुण. रुग्णाला उताणं झोपवून गुडघे थोडे दुमडायला सांगणं, पोट नीट उघडं करणं पण लाज राखणं याला 2. हात आणि डोळे पाहून मग पोट नुसतं डोळ्यांनी पाहणं याला 3. वरवर हात फिरवण्याला 3. यकृत आणि पाणथरी शोधण्याला प्रत्येकी 2, म्हणजे 4. बोटांनी ठोकून पोटात पाणी आहे का हे पाहण्याला 2, स्टेथोस्कोपने आतड्यांचे आवाज ऐकण्याला 1, आणि निष्कर्ष सांगून ‘अजून काय तपासायला हवं’ हे सांगण्याला 2.

आकडे सोपे दिसतात, खरी कसोटी शब्दांची आहे. ‘पोटाचे निरीक्षण केले’ अशी ओळ लिहिली की विद्यार्थी आत येतो, खाटेजवळ उभा राहतो आणि तोंडपाठ म्हणतो, ‘पोटावर व्रण नाही, फुगलेल्या शिरा नाहीत, हालचाल सर्वत्र सारखी.’ तोवर त्याची नजर घड्याळावर असते. परीक्षकाला गुण द्यावेच लागतात. तीच ओळ ‘खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, मग बाजूने डोळे पोटाच्या पातळीवर आणून, किमान एक पूर्ण श्वास पाहतो’ अशी लिहिली, तर विद्यार्थ्याला खरंच वाकून पाहावं लागतं. बोलण्याला नव्हे, दिसणाऱ्या कृतीला गुण द्यायचे. चांगल्या गुणपत्रिकेची ही पहिली खूण.

वरवर हात फिरवण्याच्या ओळीत तीन गुण तीन वेगळ्या गोष्टींना आहेत. दुखणाऱ्या जागेपासून सर्वांत दूरच्या भागातून सुरुवात केली का, हा एक. हात सपाट ठेवून, बोटांची टोकं न खुपसता पोटाचे नऊही भाग पाहिले का, हा दुसरा. तिसरा गुण विद्यार्थी सर्वांत जास्त गमावतात : हात पोटावर असताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर होती का? बहुतेक विद्यार्थी आपल्याच बोटांकडे पाहत राहतात. पण दुखतंय हे पोट नेहमी सांगत नाही. ते कपाळावरची आठी सांगते, आवळलेले ओठ सांगतात. विशेषतः परीक्षेसाठी आलेला रुग्ण ‘डॉक्टर होणाऱ्या पोराचं नुकसान नको’ म्हणून गप्प राहतो.

आता पाणथरी. निरोगी माणसात ती डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड लपलेली असते आणि हाताला लागत नाही. साधारण दुप्पट-तिप्पट वाढल्यावरच ती बरगड्यांच्या खाली येते. ती सरळ खाली न उतरता तिरकी, बेंबीच्या दिशेने आणि पुढे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे वाढते. म्हणूनच तपासणी तिथून, उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करायची. डावा हात रुग्णाच्या डाव्या बरगड्यांमागे आधाराला, उजवा हात पोटावर सपाट, बोटांचा रोख डाव्या काखेकडे. रुग्णाने श्वास आत घेतला की हात जागच्या जागी थोडा दाबून थांबायचं. पाणथरीची कड असेल तर ती श्वासाबरोबर खाली येऊन बोटांना टेकते. श्वास सोडताना हात दोनेक सेंटिमीटर वर सरकवायचा आणि पुन्हा थांबायचं. बरगड्यांपर्यंत पोहोचूनही काही लागलं नाही, तर रुग्णाला उजव्या कुशीवर थोडं वळवून पुन्हा पाहायचं.

ही पायरी उलट केली तर काय होतं, हे एका विद्यार्थिनीच्या आठ मिनिटांवरून पाहू. ती चटपटीत आहे. आत येताच हात स्वच्छ करते, ‘काका, मी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तुमचं पोट तपासते, चालेल ना? कुठे दुखतं का?’ असं गोड विचारते. तीनपैकी तीन. स्थिती आणि पोट उघडं करणं, दोनपैकी दोन. हात-डोळे पाहिले, पोट घाईत पाहिलं, तीनपैकी दोन. वरवर हात फिरवताना नऊही भाग पाहिले, पण काकांनी दाखवलेल्या डाव्या बाजूलाच आधी हात लावला आणि चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तीनपैकी एक. यकृत व्यवस्थित तपासलं, दोनपैकी दोन. मग पाणथरीसाठी तिने हात थेट डाव्या बरगड्यांच्या खाली ठेवला.

तिथे हाताखाली पाणथरीच होती, पण तिची कड खूप पुढे, बेंबीजवळ. हात पाणथरीच्या पाठीवरच बसल्यामुळे कड लागण्याचा प्रश्नच आला नाही. हाताला जो घट्टपणा लागला तो तिला काकांनी पोट आवळल्यासारखा वाटला. वाढ जितकी मोठी, तितकी या चुकीने ती निसटण्याची शक्यता जास्त. पुढे पाण्यासाठी ठोकताना डावीकडचा आवाज बद्द आला, तरी ती थबकली नाही. तिच्या मनात ती पायरी पाण्यासाठी होती, पाणथरीसाठी नव्हती. बद्द आवाज जिथे सुरू झाला तिथे बोट ठेवून तिने काकांना कुशीवर वळवलं, अर्धा मिनिट थांबून पुन्हा ठोकलं. आवाज बदलला नाही. पद्धत बिनचूक, दोनपैकी दोन. आवाज ऐकले, एकपैकी एक. शेवटी तिने सांगितलं, ‘पोट मऊ आहे, कुठलाही अवयव वाढलेला नाही. तपासणी पुरी करायला मी जांघेतल्या हर्नियाच्या जागा, बाह्य जननेंद्रिय आणि गुदद्वार तपासेन.’ निष्कर्ष चूक, पुढची यादी बरोबर, दोनपैकी एक.

पाणथरीचे शून्य धरून बेरीज 14.

तिच्यानंतर आलेला विद्यार्थी सावकाश होता. नाव सांगायला विसरला. हात आणि डोळे पाहिले नाहीत. यकृताची वरची सीमा ठोकून पाहिली नाही. पण उजव्या खालच्या कोपऱ्यातून श्वासागणिक हात सरकवत तो बेंबीजवळ पोहोचला, थांबला, परत खाली आला आणि खात्री करून पुन्हा वर गेला. कडेवरची खाच त्याने बोटाने शोधली. गाठ आणि बरगडी यांच्यामध्ये बोटं जातात का, हे पाहिलं, गेली नाहीत. तोवर घंटा वाजायला आली. पाण्याची तपासणी आणि आवाज ऐकणं राहिलं. निष्कर्ष मात्र अचूक, कारणासह. त्याची बेरीज 13.

ज्या मुलीच्या हातून बेंबीपर्यंत आलेली पाणथरी सुटली तिला 14 आणि ज्याला ती सापडली त्याला 13. नुसत्या चौकटी भरण्याचा हा खरा दोष आहे. 1999 मध्ये टोरांटोच्या ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की अशा ‘केलं–नाही केलं’ यादीवर अनुभवी डॉक्टरांना शिकाऊंपेक्षा कमी गुण पडतात. अनुभवी माणूस सगळ्या पायऱ्या क्रमाने करत बसत नाही. तो महत्त्वाच्या खुणेवर थांबतो आणि तिथे वेळ घालवतो. यादीला हे थांबणं दिसत नाही.

यावर उपाय म्हणून गुणपत्रिकेच्या तळाशी एक वेगळी चौकट असते. चौकटींची बेरीज न पाहता परीक्षकाने एकूण मत नोंदवायचं : नापास, काठावर, पास, उत्तम. पहिल्या मुलीच्या पुढे ‘काठावर’, दुसऱ्याच्या पुढे ‘पास’ अशी खूण पडेल. या खुणांचा आणखी एक उपयोग आहे. परीक्षा संपल्यावर ज्यांना ज्यांना ‘काठावर’ असं मत मिळालं, त्या सगळ्यांच्या बेरजांची सरासरी काढतात. ती समजा 14 आली, तर या स्टेशनवर उत्तीर्ण होण्याची रेषा 14 च्या आसपास असावी असा त्याचा अर्थ. स्टेशन अवघड असेल तर रेषा आपोआप खाली येते, सोपं असेल तर वर जाते. विद्यार्थी मोजके असतील तर मात्र ही सरासरी भरवशाची राहत नाही, आणि आपल्या विद्यापीठांत उत्तीर्णतेचा टक्का नियमानेच ठरलेला असतो. तरीही महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत ही सरासरी काढून पाहिली, की आपलं स्टेशन कितपत नीट रचलं आहे हे समजतं. दुसरा उपाय साधा आहे : वजन बदलणं. रुग्ण पाणथरीचा असेल तर पाणथरीला 2 नव्हे, 5 गुण हवेत, आणि ते आवाज ऐकणं, हात-डोळे पाहणं यांतून कमी करायला हरकत नसावी.

मग येतो परीक्षकाच्या बोलण्याचा प्रश्न. गुणपत्रिकेइतकंच बारकाईने लिहावं लागतं ते हे. स्वभावाने मवाळ परीक्षक ‘अजून काही राहिलं का बघ’ म्हणतात आणि विद्यार्थ्याला कळतं की काहीतरी राहिलं आहे. दुसरे नुसती मान हलवतात, तिसरे भुवया उंचावतात. त्यामुळे एकाच खोलीत सकाळच्या आणि दुपारच्या विद्यार्थ्याची परीक्षा वेगळी होते. म्हणून परीक्षकाने काय बोलायचं, कधी बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही, हे कागदावर शब्दशः छापलेलं असावं. या स्टेशनसाठी चार वाक्यं पुरेशी आहेत.

सहाव्या मिनिटाला सगळ्यांना सारखंच : ‘दोन मिनिटं राहिली, आता निष्कर्षाकडे या.’ विद्यार्थ्याने गुदद्वाराच्या तपासणीचा उल्लेख केला तर : ‘त्याची आज गरज नाही, पुढे चला.’ तपासणी संपल्यावर : ‘हाताला काय लागलं?’ आणि विद्यार्थ्याने पाणथरी सांगितली तरच चौथं : ‘हे मूत्रपिंड नाही, पाणथरीच आहे, हे कशावरून?’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थ्याच्या हातातून आलं की पुस्तकातून, हे चटकन कळतं. पाणथरीच्या वर, बरगडीखाली बोटं जात नाहीत. तिच्या कडेला खाच असते. ती श्वासाबरोबर तिरकी सरकते. ठोकल्यावर बद्द आवाज येतो. डावं मूत्रपिंड दोन हातांमध्ये मागून पुढे उडवता येतं आणि त्याच्यासमोर आतडं असल्याने ठोकल्यावर बहुधा डग्ग्यासारखा पोकळ आवाज येतो. यातली दोन कारणं तपासताना करून पाहिलेली असतील तर पूर्ण गुण, फक्त तोंडी सांगितली तर अर्धे.

परीक्षकांचे आपसातले वादही आधीच मिटवावे लागतात. काही गुरू सांगतात, आवाज हात लावण्याआधी ऐकावेत, कारण दाबल्याने आतड्यांची हालचाल बदलते. काही सांगतात, पाहणं, हात लावणं, ठोकणं आणि मग ऐकणं. दोन्ही रीती शिकवल्या जातात, म्हणून गुणपत्रिकेवर ‘दोन्ही क्रम ग्राह्य’ असं लिहिलेलं असावं. नाहीतर एका महाविद्यालयातून आलेले परीक्षक दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुलांचे गुण विनाकारण कापतात.

आणि काकांचं काय? एका सकाळी वीसेक विद्यार्थी त्यांच्या पोटावर हात ठेवणार. वाढलेली पाणथरी नाजूक असते; मलेरियासारख्या आजारात ती जोराच्या दाबाने फुटूही शकते. म्हणून एका रुग्णावर किती विद्यार्थी, मध्ये किती वेळ विश्रांती, पर्यायी रुग्ण कोण, हे स्टेशनच्या कागदावर असायला हवं. पोट दाबून अचानक हात काढून ‘आता जास्त दुखलं का?’ हे विचारण्याची पद्धत या स्टेशनवर सरसकट वर्ज्य असावी. आत सूज आहे का हे हलकं ठोकूनही कळतं. रुग्णाने ‘पुरे’ म्हटलं तर परीक्षकाने घड्याळ न पाहता थांबवावं आणि हेही आधीच छापलेलं असावं, म्हणजे परीक्षकाला संकोच वाटणार नाही. स्टेशन संपल्यावर काकांनाच विचारायला हवं, कोणाचा हात गार होता, कोणी दुखवलं, कोणी सांगून हात लावला. काही महाविद्यालयं रुग्णाच्या मताला गुण देतात; निदान एक गुण तरी त्यांच्या हाती असावा.

अंतर्गत परीक्षेचे स्टेशन रचणाऱ्या प्रत्येक विभागाने एक बदल लगेच करावा. ‘रुग्णाला दुखत असल्याचे दिसूनही दाबत राहिला’ अशी ओळ गुणांच्या यादीत न घालता स्वतंत्र ठेवावी आणि तिच्यापुढे खूण पडली, तर बाकीचे 20 गुण पूर्ण असले तरी तो विद्यार्थी त्या स्टेशनवर नापास धरावा.